रेशीम काढायचं म्हणजे कोष उकळायचे आणि धागा ओढायचा, एवढंच ना? मग चीनने ही पद्धत शतकानुशतकं गुप्त कशी ठेवली?

“एवढंच ना” हे मी आमच्या घरात फार ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमची तुती मराठवाड्यात आहे. एकदा कोषांचा भाव पडला, तेव्हा बारा किलो ओले कोष मी विकले नाहीत. कर्नाटकातल्या रामनगरला एका बाईंकडे महिनाभर चरख्यावर बसून धागा काढायला शिकले होते, म्हटलं घरीच काढू. थोरले दीर म्हणाले, “त्यात काय, मी जाळ लावतो, तू ओढ.” आणि त्यांनी खरोखरच ऊस गाळताना लावतात तसा जाळ लावला. पाणी खदखदायला लागलं. मी दोनदा सांगितलं, लाकडं मागे ओढा. त्यांनी ऐकलं नाही. पाच-सात मिनिटांत कोष आत पाणी शिरून बुडाले, आणि टोक धरून ओढलं की धाग्याऐवजी कापसासारखे पुंजके निघायला लागले. निम्मे कोष गेले. भाऊजी म्हणाले, “तुला जमलं नाही.”

आता चीनकडे बघा. छिन ग्वान नावाच्या माणसाने अकराव्या शतकात रेशमावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात कोषांचं पाणी कसं असावं हे दिलंय: खेकड्याच्या डोळ्यांएवढे बुडबुडे. बस. त्या काळी थर्मामीटर नव्हतं, पण कुणालाही कळेल असं माप होतं. तळाशी बारीक बुडबुडे धरलेत, पाणी अजून खळखळत नाही, ती अवस्था. कोषाचा धागा डिंकासारख्या पदार्थाने स्वतःलाच चिकटलेला असतो. वजनात तो पाव भाग तरी भरतो. पाणी थंड असेल तर डिंक सुटत नाही, धागा अडकतो, कोष पाण्यातून उडी मारून वर येतो आणि धागा तुटतो. पाणी फार तापलं तर सगळे थर एकदम सुटतात आणि आमच्यासारखे पुंजके येतात. कोष नीट शिजलाय हे दाबून कळतं: मऊ होतो, पण बोट उचललं की परत फुगतो.

पाण्याच्याही आधीची गोष्ट आहे ती वेळेची. कोष बांधल्यावर साधारण दोन आठवड्यांत आतून पतंग बाहेर येतो. येताना तो कोषाचं एक टोक ओलं करून भोक पाडतो, आणि सलग धाग्याचे तुकडे होतात. असल्या कोषाचं सूत कातता येतं, पण पाचसहाशे मीटरचा अखंड धागा ओढता येत नाही. म्हणून आतला किडा आधीच मारावा लागतो. सहाव्या शतकातल्या जिया सिशिए याच्या शेतीच्या ग्रंथात याचे दोन प्रकार शेजारी ठेवून तोललेत: मीठ लावून मारलेले कोष सहज उलगडतात आणि धागा चिवट येतो, उन्हात मारलेल्यांचा धागा पांढरा दिसतो पण कमजोर निघतो. पुढे वांग जेन याने 1313 मध्ये वाफेवर मारण्याची पद्धत सर्वांत चांगली ठरवली. आम्हीही वाफच देतो.

मग कोष पाण्यात, बारीक काड्यांच्या कुंच्याने वरचेवर फिरवायचे म्हणजे टोकं कुंच्याला लागतात. एकट्या कोषाचा धागा इतका बारीक की त्याचं काही विणता येत नाही, म्हणून अनेक टोकं एकत्र करून एका भोकातून वर घ्यायची. छिन ग्वानच्या यंत्रात हे भोक म्हणजे नाण्याचं मधलं भोक. तिथून धागा फिरकीवरून रहाटावर. रहाटाआधी एक आडवी काठी डावी-उजवीकडे सरकत राहते, म्हणजे ओला धागा एकाच जागी बसून चिकटत नाही.

कौशल्य मात्र याच्या पुढे आहे. बाहेरच्या थरातला धागा जाड, आतला बारीक. सगळे कोष एकदम सुरू केले तर सुरुवात जाड आणि शेवट केसासारखा. म्हणून एक संपत आला की नवा लावायचा, अर्धे झालेले आणि नवे मिसळत राहायचं. नवं टोक चालू धाग्याला नुसतं लावायचं, ओल्या डिंकाने ते आपोआप धरतं. हे दर काही मिनिटांनी, दिवसभर, डोळे पाण्यावर ठेवून. रामनगरच्या त्या बाई बोलतच नसत. माझा हात चुकला की हातावर हलकी चापट मारायच्या.

म्हणून मला “गुप्त” हा शब्द अर्धाच पटतो. रेशीम किड्यापासून होतं हे पश्चिमेला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. ॲरिस्टॉटलने ग्रीसमधल्या कोस बेटावरच्या बायका कोष उलगडून सूत काढतात असं लिहिलंय, ते रानटी किड्यांचं. तरी त्यानंतर चारेकशे वर्षांनी प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की चिनी लोक झाडाच्या पानांवरची लव पाणी मारून विंचरून काढतात. जिथे वस्तूच येते आणि काम कुणी बघत नाही, तिथे असंच होणार.

खरं कुलूप किड्याचं होतं. तुतीचा हा किडा माणसाने इतका पाळलाय की त्याचा पतंग उडूही शकत नाही, रानात आपोआप पसरत नाही. अंडी न्यावी लागतात, आणि ती उबली की त्याच दिवशी कोवळा तुतीचा पाला लागतो. ह्युएन त्संगने मध्य आशियातल्या खोतान राज्याची कथा नोंदवलीय: तिथे सून म्हणून निघालेल्या राजकन्येने अंडी मुकुटात लपवली, कारण सीमेवरचे पहारेकरी तिच्या डोक्याला हात लावणार नव्हते. ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाला तिकडे वाळूत एक रंगवलेली फळी सापडली, त्यात एक दासी त्या मुकुटाकडे बोट दाखवतेय. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनकडे अंडी आली ती 552 च्या सुमारास, साधूंनी आणली. अंडी आली, तरी चिनी रेशीम विकत घेणं थांबलं नाही. अंडी वर्षात पोचतात, हात बसायला पिढ्या लागतात.

हे लिहायला हवं की चीनबाहेर ही विद्या पूर्वेला फार आधी गेली, कोरिया आणि जपानमध्ये. आणि सिंधू संस्कृतीतही, हडप्पा आणि चन्हुदडो इथे, रानटी किड्यांच्या रेशमाचे धागे मिळालेत, चार हजार वर्षांहून जुने. त्यामुळे “फक्त चीनला माहीत” हे वाक्य मी वापरत नाही. गुपित फोडणाऱ्याला देहदंड होता ही गोष्ट सगळीकडे सांगतात, माझा भर तिच्यावर नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर वीस-पंचवीस कोष घ्या, पसरट भांडं, मंद आच. जाळ घालायला दुसरा कुणी असेल तर पाण्याकडे कोण बघतंय ते आधी ठरवा, आणि त्याचंच ऐकायचं. आमच्याकडे पुढच्या पिकाला मी चुलीपाशी स्वतः बसले. आठ किलो कोषांतून किलोला थोडी कमी लड निघाली, येवल्याच्या विणकराने ती हातात घेऊन ताणून बघितली आणि भाव न करता घेतली. भाऊजींनी त्या पैशांचा हिशेब विचारला, मी दिला. पुंजके झालेल्या कोषांचा हिशेब अजून त्यांच्याकडेच आहे.