गाडी मागून नेली, पण कुणी?

प्रश्न: वर एक ओळ, खाली एक ओळ, जाड पांढरी अक्षरं आणि तेच ते ठरलेले चेहरे असलेली जुनी मीम्स मला फार आवडतात. मराठीत करून बघतो, पण मजा येत नाही. वाक्यं बरी असतात, चित्र तेच असतं. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

बहुतेक वेळा वाक्य एका पात्राचं असतं आणि चित्र दुसऱ्याचं. अक्षरांचीही अडचण असते, तिच्याकडे नंतर येतो.

माझं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी अशा मीम्सचे पोस्टर करायला आली. निळ्या रंगचक्रावर डावीकडे चाललेला पेंग्विन, तुम्ही पाहिला असेलच. त्यावर तिने लिहिलं होतं:

वर: स्वारगेटला अर्धा तास थांबल्यावर
खाली: बस भरून आली

वाक्यात चूक नाही. पुण्यात हे कुणाच्या वाट्याला आलेलं नाही? तरी तिच्या मैत्रिणी वाचून गप्प होत्या. ती म्हणाली, "काका, पेंग्विन तर तोच आहे ना?" पेंग्विन तोच होता, म्हणूनच बिघडलं होतं.

हा 'सोशली ऑकवर्ड पेंग्विन' 2009 पासूनचा. त्याचा स्वभाव एकच आहे: चार माणसांत वावरताना तो अवघडतो आणि त्या अवघडण्यातून स्वतःच घोळ घालतो. बस भरून आली यात त्याने काय केलं? काहीच नाही. ते नशीब झालं, आणि नशिबाचा मार खाणारा चेहरा वेगळा आहे: चौकटीचा स्वेटर आणि दातांना तारा असलेला, शाळेच्या फोटोतला 'बॅड लक ब्रायन', 2012 चा. तो सगळं नीट करतो आणि तरी त्याच्यावरच येऊन पडतं. बसची ओळ ब्रायनची होती, ती पेंग्विनच्या तोंडी गेली.

या सगळ्या पात्रांकडे मी एकाच प्रश्नाने बघतो: झालं ते कुणामुळे झालं? पेंग्विनचं त्याच्या संकोचामुळे होतं. ब्रायनचं नशिबामुळे. टोपी तिरकी घातलेला 'स्कमबॅग स्टीव्ह' स्वतः वाईट वागतो आणि भोगतात दुसरे. त्याच्या उलट 'गुड गाय ग्रेग': त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नसते आणि तो भलं करून जातो. वाचणारा वरची ओळ वाचायच्या आधी चेहरा बघतो, आणि कोण कुणाला त्रास देणार हे त्याला तिथेच कळलेलं असतं. खालच्या ओळीला फक्त ते कसं घडलं एवढंच सांगायचं असतं. म्हणून तर दोन ओळींत भागतं.

त्या मुलीला पटावं म्हणून मी एकच प्रसंग चौघांना वाटून दाखवला. पुण्यातला प्रसंग म्हणजे दुचाकी आलीच.

स्टीव्ह. वर: गाडी मागून नेली. खाली: पेट्रोल संपवून परत दिली.

ग्रेग. वर: गाडी मागून नेली. खाली: टाकी भरून परत दिली.

ब्रायन. वर: मित्राची गाडी जपून चालवली. खाली: पार्किंगमधून टोइंगवाल्यांनी उचलली.

पेंग्विन. वर: आपलीच गाडी परत मागायची होती. खाली: चहा घेतला, विषयच काढला नाही.

स्टीव्ह आणि ग्रेग यांची वरची ओळ अक्षरशः एक आहे. तरी स्टीव्हचा चेहरा दिसला की पोटात गोळा येतो आणि ग्रेगचा दिसला की येत नाही. पात्राचं काम म्हणतात ते हे. तुमचं मीम तपासायचं असेल तर त्याची ओळ दुसऱ्या चेहऱ्याखाली ठेवून बघा. तिथेही तितकीच बसत असेल, तर ओळ अजून कुणाचीच झालेली नाही.

आता भाषेचं. इंग्रजीत या ओळींमधला कर्ता गाळलेला असतो. आपण त्याचं भाषांतर करायला जातो आणि 'गाडी मागून नेतो, पेट्रोल संपवून परत देतो' असं लिहितो. ते कुणाचं तरी वर्णन वाटतं, शिवाय 'नेतो' म्हटलं की तो पुरुषच झाला. मराठीत याला सुंदर वाट आहे: कर्मणी प्रयोग. 'गाडी नेली', 'चहा घेतला', 'विषय काढला नाही' यांत क्रियापद गाडीप्रमाणे, चहाप्रमाणे चालतं. कर्ता दिसतच नाही, त्यामुळे वाचणारा मुलगा असो की मुलगी, चित्रातलं पात्र आपोआप कर्ता होतं. 'गेलो', 'आलो', 'लाजले' अशी क्रियापदं आली की ओळ एकाच माणसाची होते. शक्य तिथे ती टाळा.

ओळ कुठे तोडायची हेही बघा. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून कलाटणी खाली टाकणं आपल्याला इंग्रजीपेक्षा सोपं जातं. वरची ओळ 'ठरेना', 'मागायची होती', 'थांबल्यावर' अशा ठिकाणी संपली की वाचणारा आपसूक खाली उतरतो. वाक्य नुसतं लांब झालं म्हणून मधेच कापून अर्धं खाली ढकललं, तर दोन ओळी होतात पण दोन टप्पे होत नाहीत.

हे सगळं ऐकून त्या मुलीने दुकानात बसूनच पेंग्विनची ओळ लिहिली, आणि ती मला आजही त्या सगळ्या संचात सर्वांत चांगली वाटते:

वर: नव्या वहिनीला अहो म्हणावं की अगं, ठरेना
खाली: सहा महिने हाकच मारली नाही

ही ओळ इंग्रजीत होणारच नाही. अवघडलेपण आपल्या भाषेतलं, घोळ पेंग्विनने स्वतः घातलेला, आणि कर्ता कुठेही नाही. मैत्रिणी आधी हसल्या, मग प्रत्येकीने आपल्या घरातली अशी वहिनी नाहीतर काकू सांगितली.

आता अक्षर. जुन्या मीम्समधला फॉन्ट 'इम्पॅक्ट'. जेफ्री ली यांनी तो 1965 मध्ये मथळ्यांसाठी केला. पुढे तो विंडोजबरोबर घरोघरीच्या संगणकांवर आला, म्हणून मीम करणाऱ्यांच्या हाताशी होता. जाड, अरुंद, एकमेकांना चिकटून उभी अक्षरं. पांढऱ्या रंगाला काळी कड दिली की फोटो उजळ असो की काळोखा, ओळ वाचता येते. पण इम्पॅक्टमध्ये देवनागरी नाही. तुम्ही त्यात मराठी टाइप करता तेव्हा संगणक न सांगता दुसरा फॉन्ट लावतो, बहुधा बारीक. फॉन्टच्या नावापुढे इम्पॅक्टच दिसत राहतं आणि पडद्यावरची अक्षरं मात्र अशक्त दिसतात. तुमचंही हेच होत असणार. 'अनेक देवनागरी' नावाच्या फॉन्टचं अरुंद आणि सर्वांत जाड वजन त्या ठशाच्या बरंच जवळ जातं. मुक्ता किंवा बलूचं जाड वजनही चालतं, फक्त ती रुंद असल्याने ओळ छोटी लिहावी लागते.

कडेच्या बाबतीत मात्र इंग्रजीची नक्कल करू नका. तिथे सगळी कॅपिटल अक्षरं असतात, एका उंचीची, वरखाली काही लोंबत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीइतकी जाड काळी कड दिली की अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि 'ष'च्या पोटातली जागा बुजते. मी अक्षराच्या उंचीच्या साधारण विसाव्या भागाइतकी कड ठेवतो. वरची ओळ चित्राच्या काठाला टेकवायची नाही, नाहीतर वेलांट्या कापल्या जातात. खालच्या ओळीखाली उकारांसाठी तशीच जागा सोडायची.

अजून एक खूण सांगतो. शब्दाच्या शिरोरेषेवर अक्षरागणिक बारीक काळी चीर दिसत असेल, तर कड प्रत्येक अक्षराला वेगळी लागली आहे आणि शेजारच्या अक्षरावर चढली आहे. यावर उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो: ओळीची प्रत काढा. खालच्या प्रतीला सगळं काळं, जाड कडेसकट. वरच्या प्रतीला नुसतं पांढरं, कड अजिबात नाही. दोन्ही बरोबर एकावर एक ठेवा. चीर जाते आणि शिरोरेषा सलग होते. कोरलमध्ये करत असाल तर कड चित्राबरोबर लहानमोठी होईल ती खूण आधी करून ठेवा. नाहीतर मोठ्या पोस्टरसाठी केलेलं मीम मोबाइलपुरतं लहान केलं की कड तेवढीच जाड राहते आणि अक्षरं काळ्यात बुडतात.

छापायचं असेल तर एक सावधगिरी. तो पेंग्विन फुकटचा नाही. मूळ फोटो नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार जॉर्ज मोब्ली यांचा, आणि 2015 मध्ये तो वापरल्याबद्दल गेटी इमेजेसने एका जर्मन ब्लॉगकडून परवाना शुल्क घेतलं होतं. मी त्या मुलीला हे सांगितलं आणि म्हटलं, "अगं, चेहरा ठरलेला लागतो, पेंग्विनच लागतो असं नाही." दुसऱ्या दिवशी ती तिच्या खिडकीतल्या पारव्याचा फोटो घेऊन आली. मान तिरकी, नजर चुकवणारी. तो कापून आम्ही निळ्या चक्रावर बसवला, तोंड डावीकडे. आठही पोस्टरांवर तोच फोटो, तोच निळा, आणि प्रत्येक ओळ संकोचाचीच. पहिली दोन पोस्टर वाचेपर्यंत लोकांना पारवा कोण हे कळत नव्हतं, तिसऱ्यापासून कळायला लागलं. म्हणून वहिनीची ओळ आम्ही पाचवी लावली.

पेंग्विनचा एक उलटा भाऊही आहे. तोच फोटो आरशातला करून उजवीकडे तोंड, मागे तांबडा रंग, आणि तो माणसांत अगदी सहज वावरतो. दिशा आणि रंग बदलला की स्वभाव बदलला, एवढी ही भाषा पक्की आहे. गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी ती मुलगी नववं पोस्टर करायला आली. पारवा उजवीकडे, मागे तांबडं.

वर: नव्या वहिनीलाच विचारलं, काय हाक मारू
खाली: तिने नाव सांगितलं