पेटी कॅशमधल्या त्रुटींबद्दल बोर्डाला काय लिहायचं?

प्रश्न: मी नागपुरात एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप करतोय. इंटरिम ऑडिटला क्लायंटची पेटी कॅश मोजली तर थोडे पैसे कमी भरले. सर म्हणाले, बोर्डाला जाणाऱ्या मॅनेजमेंट लेटरमध्ये हा मुद्दा लिही. एवढ्याशा रकमेसाठी बोर्डाला नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

कमी भरलेली रक्कम हा तुमचा मुद्दाच नाही. ती का कमी भरू शकली आणि इतके महिने कुणाला का कळलं नाही, हे बोर्डाला लिहायचं आहे. माझ्या एका कामातलं उदाहरण सांगते.

बुटीबोरी एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. नोव्हेंबरात इंटरिमला गेलो तेव्हा कुणालाही न सांगता सकाळी साडेदहाला पेटी उघडायला लावली. इम्प्रेस्ट ५०,००० रुपयांचं, म्हणजे पेटीतली रोकड, न चढवलेली व्हाउचर्स आणि उचलीच्या चिठ्ठ्या मिळून कधीही बरोबर ५०,००० भरायला हवेत. नोटा निघाल्या ११,३४० रुपयांच्या. पुस्तकात न चढवलेली व्हाउचर्स ९,४१० रुपयांची. आणि रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या चार कच्च्या चिठ्ठ्या, एकूण २६,००० रुपयांच्या. बेरीज ४६,७५०. म्हणजे ३,२५० कमी.

कॅशिअर काकांनी लगेच खिशात हात घातला. "मॅडम, मी टाकून देतो ना, कायले लिहिता?" मी त्यांना थांबवलं. तुमच्याही बाबतीत असं झालं तर रक्कम भरू देऊ नका, आणि आधीच भरली गेली असेल तर कमी किती होती व नंतर कुणी किती भरली, दोन्ही लिहा. मोजणीच्या कागदावर नोटांचा तपशील, वेळ आणि कॅशिअरची सही हवीच. शिवाय आवारात दुसरी पेटी असेल, कँटीनची किंवा स्टाफ वेल्फेअरची, तर ती त्याच वेळी मोजा किंवा सील करा. नाहीतर एका पेटीतले पैसे दुसरीत जाऊन दोन्ही बरोबर भरतात.

खरी गोष्ट त्या चिठ्ठ्यांमध्ये होती. सर्वांत मोठी १२,००० रुपयांची, कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे पेनने लिहिलेली, जूनमधली. पैसे घेणारा सुपरवायझर ऑगस्टमध्येच नोकरी सोडून गेला होता. मंजुरीची सही नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "प्लँट मॅनेजर साहेबांनी फोनवर सांगितलं, मी नाही कसं म्हणू?" उरलेल्या तीन ६,०००, ५,००० आणि ३,००० रुपयांच्या, त्याही तोंडी हुकमावर. पैसे देणं, व्हाउचर बनवणं, पुस्तक लिहिणं आणि महिनाअखेरीस शिल्लक जुळवणं, सगळं काकांकडेच होतं. दुसऱ्या कुणी पेटी मोजल्याची एकही नोंद नव्हती.

व्हाउचर चाळताना आणखी एक सापडलं. एकाच दिवशी एकाच फॅब्रिकेटरला तीन व्हाउचर्स : ९,८००, ९,७०० आणि ८,५०० रुपये. काम एकच, शेडच्या दुरुस्तीचं. १०,००० ची मर्यादा चुकवायला बिल तोडलं होतं. पण तेव्हा लागू असलेलं १९६१च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४०ए(३) एका व्यक्तीला एका दिवसात दिलेली रोख एकत्र मोजायचं. त्यामुळे फक्त वरचे १८,००० नाही, पूर्ण २८,००० रुपयांचा खर्च करासाठी अमान्य. हे बोर्डाला लगेच समजतं, म्हणून पत्रात जरूर घ्या.

आता पत्र. आमच्या पहिल्या मसुद्यात कुणीतरी लिहिलं होतं, "कॅशिअरच्या निष्काळजीपणामुळे ३,२५० रुपयांची तूट आढळली." मी ते वाक्य पूर्ण खोडलं. एकतर निष्काळजीपणा आपण सिद्ध केलेला नाही. दुसरं म्हणजे असं वाक्य वाचून बोर्ड काकांना काढतं, नवा माणूस बसवतं आणि पेटी तशीच राहते. शेवटी गेलेला परिच्छेद साधारण असा होता :

"दि. ... रोजी पूर्वसूचना न देता केलेल्या मोजणीत ५०,००० रुपयांच्या इम्प्रेस्टपैकी ११,३४० रुपये रोख आढळले. २६,००० रुपयांच्या उचली लेखी मंजुरीविना होत्या. त्यांपैकी १२,००० रुपये नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याकडे येणे आहेत. ३,२५० रुपयांचा हिशोब लागला नाही. रोकड सांभाळणे, नोंद करणे व शिल्लक जुळवणे ही कामे एकाच व्यक्तीकडे असून त्यावर स्वतंत्र तपासणी नाही. त्यामुळे चूक किंवा गैरवापर झाल्यास तो वेळेत उघड होणार नाही."

त्याखाली शिफारस, आणि तीही जमेल अशीच. छोट्या ऑफिसात "पुरेसे कर्मचारी नेमावेत" लिहून काही होत नाही. आम्ही तीनच गोष्टी सुचवल्या. चिठ्ठीवर विभागप्रमुखाची सही पैसे देण्याआधी, आणि सात दिवसांत हिशोब न दिल्यास त्या माणसाला नवी उचल नाही. पेटी पुन्हा भरताना अकाउंट्स मॅनेजरने व्हाउचर्स पाहून प्रत्येकावर "रद्द" शिक्का मारायचा, म्हणजे तेच बिल दुसऱ्यांदा येत नाही. आणि महिन्यातून एकदा, तारीख न सांगता, अकाउंट्सबाहेरच्या माणसाने मोजणी करायची. सहीचा नियम बोर्डाकडूनच यायला हवा, कारण प्लँट मॅनेजरला "नाही" म्हणायची ताकद काकांना फक्त बोर्डच देऊ शकतं.

आता तुमची मूळ शंका. एसए २६५ प्रमाणे महत्त्वाची त्रुटी बोर्डासारख्या प्रशासनाची जबाबदारी असणाऱ्यांना लेखी कळवावी लागते. ती महत्त्वाची आहे का, हे ठरवताना झालेला तोटा नाही, होऊ शकणारा तोटा बघतात. ही पेटी महिन्यातून सुमारे तीनदा, दरवेळी ४५,००० च्या आसपास भरली जायची. वर्षाला १६ लाखांवर रोख याच वाटेने जात होती. म्हणून आम्ही ती बोर्डापर्यंत नेली. तुमच्या क्लायंटकडे वर्षाला लाखभरच फिरत असेल आणि बाकी नियंत्रणं धड असतील, तर व्यवस्थापनाला कळवणंही पुरेसं ठरू शकतं. हा निर्णय सरांसोबत घ्या आणि कारण वर्किंग पेपरमध्ये लिहून ठेवा. पत्रात हेही लिहा की ऑडिट आर्थिक विवरणपत्रांवर मत देण्यासाठी आहे, अंतर्गत नियंत्रणांच्या परिणामकारकतेवर मत देण्यासाठी ती तपासलेली नाहीत. कलम १४३(३)(i) लागू असलेल्या कंपनीत मात्र हे वाक्य जसंच्या तसं चालत नाही, कारण तिथे आर्थिक नियंत्रणांवर वेगळं मत द्यावंच लागतं.

"अपहार" हा शब्द पुराव्याशिवाय नको. पण तसं मानायला खरंच कारण असेल तर पत्राची वाट पाहू नका. कंपनी कायद्याच्या कलम १४३(१२) खाली एक कोटीपेक्षा कमी रकमेचा गैरव्यवहारही कळल्यापासून दोन दिवसांत बोर्डाला किंवा ऑडिट कमिटीला कळवावा लागतो.

पाठवण्याआधी मसुदा फायनान्स प्रमुखाला दाखवा, आकडे कबूल करून घ्या आणि त्यांचं उत्तर जबाबदार व्यक्तीचं पद व तारखेसह पत्रातच छापा. नोव्हेंबरात गेलेल्या पत्राचा फायदा हाच की ३१ मार्चला अजून चार महिने असतात, आणि नवी पद्धत खरंच चालते का हे बघता येतं. आम्ही फेब्रुवारीत पुन्हा न सांगता गेलो. पेटीत एकच चिठ्ठी होती, चार हजारांची, तीन दिवसांपूर्वीची, खाली प्लँट मॅनेजरची सही. १२,००० रुपये मात्र त्या सुपरवायझरकडून शेवटपर्यंत आले नाहीत, आणि वर्षअखेरीस ते बुडीत म्हणून लिहावे लागले.