हळदीतलं शिसं घरी ओळखता येतं का?

"माझा मुलगा चार वर्षांचा आहे. रक्तात शिसं 9 आलंय. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्यातून कुठून येतंय ते बघा. हळदीत शिसं असतं असं ऐकलं. घरच्या घरी ओळखायची काही युक्ती आहे का?"

नाही. पाण्याचा ग्लास, लिंबू, आम्ल, कशानेही नाही. मी सतरा वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि याच ग्लासवरून आमच्या घरात दोन वर्षं अबोला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या जावेच्या मुलीला पाचव्या वर्षी पोटदुखी सुरू झाली. भूक नाही, शौचाला कडक, हिमोग्लोबिन कमी. जंताचं औषध झालं, लोहाचं झालं. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. आलं 18. हे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात आणि हल्ली 3.5 च्या वर गेलं की शोधाशोध सुरू करतात.

घराला जुना रंग नव्हता, जवळपास बॅटरीचं काम करणारं कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि वर्षाच्या साठवणीचा हळदीचा डबा उघडला. मोठे भाऊजी किराणा मालाच्या व्यवहारातले. हळकुंडं तेच आणायचे आणि उन्हाळ्यात जाऊबाई दळून घ्यायच्या. दळायची राहिलेली हळकुंडं पिशवीत होती. लिंबासारखी पिवळी, एकसारखी, खोबणीतसुद्धा रंग भरलेला. चांगल्या पॉलिशच्या हळकुंडाच्या खोबणीत थोडा काळसरपणा राहतोच. एक हळकुंड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासलं तर पिवळी भुकटी सुटून आली. हळकुंड टणक असतं, अखंड असताना त्याची अशी भुकटी सहसा सुटत नाही. यावरून सिद्ध काही होत नाही, पण मला शंका आली.

भाऊजी म्हणाले, "अगं, मी स्वतः तपासून घेतलीय." त्यांनी ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून दाखवली. हळद खाली बसली, वर पाणी फिकट पिवळं. "भेसळ असती तर पाणी गडद झालं असतं." पाण्यात विरघळणाऱ्या रंगांबाबत हे खरं आहे. मेटॅनिल यलोसाठी आम्ल टाकायची जी चाचणी सांगतात तीही त्या एकाच रंगाची आहे. हळकुंडाला चोपडतात ते लेड क्रोमेट असतं, रंगवाल्यांचं क्रोम यलो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जड असल्याने हळदीबरोबर निमूट तळाला बसतं. म्हणजे ग्लासातली चाचणी या विषाला पास करते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हळद मुळातच विषहर, तिच्यात कसलं विष टिकतंय. त्यानंतर आमचं बोलणं थांबलं.

मी अखंड हळकुंडं प्रयोगशाळेत नेली. दळलेली मुद्दामच नाही, कारण दळताना पात्याच्या पोलादातून थोडं क्रोमियम मिसळू शकतं. नायट्रिक आम्लात पचवून आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्रावर लावली. शिसं 412 पीपीएम, म्हणजे किलोमागे 412 मिलिग्रॅम, आणि क्रोमियम 104. एकाला दुसऱ्याने भागा, 3.96 येतं. लेड क्रोमेटमध्ये शिशाच्या एका अणूमागे क्रोमियमचा एक अणू असतो आणि वजनाने ते प्रमाण 3.98 भरतं. मातीतून किंवा गिरणीतून आलेल्या धातूंचा असा हिशेब जुळून येत नाही. मग मी उरलेल्या हळकुंडांची साल तासून वेगळी तपासली. सालीत 4,050, आतल्या गरात 6. म्हणजे शेतातून आलेलं नव्हतंच, वरून चोपडलेलं होतं.

412 म्हणजे किती, तर किलोमागे साधारण पाऊण ग्रॅमहूनही कमी लेड क्रोमेट. चमचाभर हळदीत दोन मिलिग्रॅम. पिवळ्यात पिवळं, एवढंसं. कुठला डोळा ते वेगळं काढणार?

मुलीच्या पोटात दिवसाला अर्धा ग्रॅम हळद जाते असं धरलं तर 206 मायक्रोग्रॅम शिसं झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी सगळ्या खाण्यातून मिळून दिवसाला 2.2 हा आकडा धरलाय. आपल्याकडे हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा 10 पीपीएम आहे. ही मर्यादा ढिली आहे, मला बोलायला संकोच नाही. अगदी 10 वर असलेली, कायद्याने चालणारी हळद अर्धा ग्रॅम खाल्ली तरी 5 मायक्रोग्रॅम झालं. लेड क्रोमेट मात्र हळदीत अजिबात चालत नाही. त्याला मर्यादा नाही, बंदीच आहे.

डबा बदलल्यावर तीन महिन्यांनी मुलीचं शिसं 11 झालं, वर्षभराने 5. एवढ्या पातळीला शिसं बाहेर काढायची औषधं सहसा देत नाहीत, ती 45 च्या आसपास आणि वर. इथे उपाय म्हणजे येणं बंद करणं आणि लोह भरून काढणं, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. एकदम उतरेल अशी अपेक्षा धरू नका. रक्तातलं महिन्याभरात निम्मं होतं खरं, पण हाडात साठलेलं हळूहळू रक्तात परतत राहतं.

"आमचा माणूस ओळखीचा आहे" हे वाक्य कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. भाऊजींचा माणूसही वीस वर्षांच्या ओळखीचा होता. त्यालाही कदाचित माहीत नसेल, कारण रंग त्याच्या आधी दोन हात लांब, पॉलिशच्या पिंपात पडतो. डागाळलेला, फिका माल उजळ दिसला की भाव मिळतो, एवढंच कारण. बांगलादेशात हे इतकं फोफावलं होतं की 2019 मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसं सापडत होतं. तिथे धाडी घातल्या, दंड केले, बाजारात तपासणी यंत्रं नेली. 2021 पर्यंत ते नमुन्यांतून गेलं. म्हणजे गिऱ्हाइकाने ग्लासात बघून नव्हे, पिंपापाशी धरून ते थांबलं. भाऊजींना मी हेच सांगत होते.

तुम्ही एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तीच, घरात वापरात असलेली हळद शंभरेक ग्रॅम द्या. नुसतं "भेसळ तपासा" म्हणू नका, शिसं आणि क्रोमियम दोन्ही मागा, पद्धत विचारा. अहवाल येईपर्यंत ती हळद बाजूला ठेवा, फेकू नका.

आता एक सांगायला हवं. तुमच्या मुलाचं शिसं हळदीतूनच येतंय असं मी म्हणत नाही. पितळेच्या भांड्याला स्वस्तात कल्हई केली असेल तर कथिलात शिसं मिसळलेलं असू शकतं, आणि आंबट आमटी त्यात शिजली की ते उतरतं. काजळ, सुरमा, भस्मं, घराचा खपली निघणारा रंग, भंगाराच्या ॲल्युमिनियमची पातेली, सगळं बघा. घरात दुसरं मूल असेल तर त्याचंही रक्त तपासा. आणि 9 हा आकडा बोट टोचून घेतलेल्या थेंबाचा असेल तर आधी शिरेतलं रक्त देऊन तो पक्का करा, बोटावरच्या धुळीतलंही शिसं त्या थेंबात येतं.