डोळे पिवळे, लघवी गडद: कावीळ यकृताची, पित्तनलिकेची की रक्ताची?

वडील ५८ वर्षांचे, नाशिकरोडला असतात. आठवडाभर डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, अंगाला खाज. बिलिरुबिन ९.२, त्यातलं डायरेक्ट ७.१, एसजीपीटी ११०, अल्कलाइन फॉस्फेटेज ६४०. गावी काविळीचं औषध देतात, ते घ्यावं का?

नको. हे आकडे पित्तनलिका तुंबल्याकडे बोट दाखवतात.

बिलिरुबिन हे तांबड्या पेशी फुटून तयार होणारं पिवळं द्रव्य; यकृतात प्रक्रिया झालेलं ते डायरेक्ट, न झालेलं ते इनडायरेक्ट. लघवीत फक्त डायरेक्ट बिलिरुबिन उतरतं, कारण ते पाण्यात विरघळतं. तांबड्या पेशी फुटून झालेल्या काविळीत इनडायरेक्ट वाढतं, म्हणून डोळे पिवळे असूनही लघवीचा रंग बहुधा फारसा बदलत नाही. अपवाद एकच: पेशी झपाट्याने फुटल्या तर हिमोग्लोबिन उतरून लघवी कोलासारखी होते. तेव्हा हिमोग्लोबिन घसरलेलं दिसतं.

हिपॅटायटिस ए किंवा ई असता तर यकृताच्या पेशी दुखावल्यावर वाढणारी एसजीपीटी बहुधा हजाराच्या घरात असती, आधी मळमळ आणि ताप आला असता. इथे ती थोडीच वाढलीय, पित्ताची वाट अडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र कितीतरी पट. शौचाचा रंग विचारा (वडील आपणहून सांगणार नाहीत). पांढरट, मातकट असेल तर पित्त आतड्यात पोचत नाहीये.

आज-उद्याच पोटाची सोनोग्राफी आणि रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर चाचणी करून गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा. नलिका फुगलेली दिसली तर पुढे एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. खडा असू शकतो. पण पोट दुखत नसेल आणि वजन उतरलं असेल तर स्वादुपिंडाची गाठ आधी वगळावी लागते.

थंडी वाजून ताप आला किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर रात्रही थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या.