तीन फर्म, दोन सीझन आणि ५.९० लाखांचा फरक

प्रश्न : मी वडोदऱ्याची. एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. झाले आणि सप्टेंबरच्या परीक्षेत सीए इंटरचे दोन्ही ग्रुप निघाले. आता आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सीएच्या हाताखालच्या ट्रेनिंगसाठी, तीन ठिकाणं समोर आहेत. अलकापुरीत एका मोठ्या नेटवर्कचं ऑफिस आहे, तिथे स्टायपेंड बाकीच्यांच्या तिप्पट. रावपुऱ्यात चार पार्टनरांची फर्म आहे, त्यांच्याकडे मकरपुरा आणि वाघोडियाच्या कारखान्यांची ऑडिट असतात. आणि दांडिया बाजारात, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, बाबांच्या मित्राचं ऑफिस आहे. ते काका म्हणतात, "महिन्यातून चार दिवस आलीस तरी चालेल, बाकी घरी बसून फायनलचा अभ्यास कर." बाबांना हे पसंत आहे. मला ऑडिट शिकायचं आहे. काय करू?

उत्तर :

आधी काकांचं बोलू, कारण त्या प्रश्नाला उत्तर एकच आहे. त्यांनी मायेने जे सुचवलंय, त्याला विद्यार्थ्यांमध्ये डमी आर्टिकलशिप म्हणतात. इन्स्टिट्यूटच्या नियमांत ट्रेनिंग आठवड्याला ३५ तासांचं आहे, आणि न येणाऱ्याची हजेरी मांडणं हा तुझाही गैरप्रकार ठरतो आणि काकांचाही. उघडकीला आलं तर तुझा ट्रेनिंगचा काळ रद्द होऊ शकतो आणि काकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. बाबांना हे अशाच शब्दांत सांग, मैत्रीखातर ते स्वतःच मागे घेतील. अभ्यासाच्या वेळेचं कारणही आता फारसं उरलेलं नाही. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, आणि फायनलची परीक्षा ट्रेनिंग संपल्यावर सहा महिन्यांनी देता येते. ते सहा महिने अभ्यासाचेच आहेत. ट्रेनिंगमध्ये रजा मात्र वर्षाला १२ दिवस, म्हणजे दोन वर्षांत २४. कोणी लांबलचक स्टडी लीव्हचं आमिष दाखवत असेल तर ती कुठून देणार, हे विचार.

राहिल्या दोन फर्म. इथे मला तुझ्या डोक्यात एक कॅलेंडर बसवायचं आहे, कारण दोन वर्षांच्या योजनेत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

समज, तू डिसेंबरमध्ये लागलीस. मार्चपर्यंत जीएसटी, टीडीएस, एखादं इंटर्नल ऑडिट. ३१ मार्चच्या आसपास कारखान्यांत स्टॉकची मोजणी. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट, फर्मला मिळालं असेल तर. मग मेपासून कंपन्यांची स्टॅट्युटरी ऑडिट सुरू होतात आणि ३० सप्टेंबरला सगळं येऊन आदळतं, कारण टॅक्स ऑडिटची तारीखही तीच आणि कंपन्यांच्या वार्षिक सभांची मुदतही तीच. ऑडिट शिकायचं ते या पाच महिन्यांत. दोन वर्षांत असे सीझन तुला दोनच मिळणार. त्यात शेवटच्या वर्षी नऊ ते बारा महिन्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग, म्हणजे फर्मऐवजी एखाद्या कंपनीत, घेतलंस, तर दुसरा सीझन गेलाच. पहिल्या वर्षाला लोक "हात बसवायचं वर्ष" म्हणून सोडून देत, ती चैन तीन वर्षांत परवडायची. आता पहिल्या सीझनलाच खरं काम हातात पडेल अशी जागा हवी.

खरं काम म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत.

मकरपुऱ्यातली एक व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी धर. वर्षाअखेर देणेदार, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे यायचे ते, ४.२० कोटी, पार्टी १८०. एखाद्या फर्ममध्ये आर्टिकलला, म्हणजे शिकाऊ मुलीला, विक्रीची फाइल देतात आणि वाउचिंग कर म्हणतात. ती इनव्हॉइस काढते, रक्कम लेजरशी जुळवते, हिरवी टिक करते. ३१ मार्चचं ५.९० लाखांचं बिल समोर येतं : ५ लाखांचा माल, ९० हजार जीएसटी. बिलावर सही आहे, ई-वे बिल आहे, गेटपासवर माल बाहेर पडल्याची नोंद आहे. टिक होते. कागद सगळे खरेच आहेत, आणि तरीही तिथे चूक आहे.

दुसऱ्या फर्ममध्ये सीनियर तिला देणेदारांची यादी देतो आणि कोणाला पत्र पाठवायचं ते तूच निवड म्हणतो. ती यादी रकमेप्रमाणे लावते. वरच्या २२ पार्टींतच ३.१५ कोटी आहेत, म्हणजे पाऊण हिस्सा. त्या २२ आणि लहानांतल्या दहा निवडते. बाकी किती ते कळवा, अशी पत्रं जातात. पत्रं कंपनीच्या लेटरहेडवर असतात, पण ती पाठवते ऑडिटर आणि उत्तरंही थेट ऑडिटरकडेच येतात. कंपनीच्या अकाउंटंटच्या हातून गेली तर त्या उत्तराला पुरावा म्हणून फारसं वजन राहत नाही. एका पार्टीचं उत्तर येतं, आमच्याकडे १८.४० लाख. कंपनीच्या पुस्तकात आहेत २४.३० लाख. फरक बरोबर ५.९० लाखांचा.

आता ती ट्रान्सपोर्टची बिल्टी मागते. पार्टीची माल मिळाल्याची तारीख ४ एप्रिल. मग ऑर्डर उघडते. त्यात लिहिलंय की माल पार्टीच्या दारात पोहोचेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. म्हणजे ३१ मार्चला ही विक्री झालेलीच नव्हती. विक्री ५ लाखांनी कमी होणार, तो माल त्याच्या ३.८० लाखांच्या किमतीला साठ्यात परत येणार, आणि नफा १.२० लाखांनी उतरणार. एवढ्यावर थांबायचं नसतं. मार्चच्या शेवटच्या चार-पाच दिवसांची सगळी बिलं काढून बिल्टीशी ताडून बघायची, कारण अशी चूक सहसा एकटी नसते. आणि ज्यांचं उत्तरच आलं नाही, त्यांचे पैसे एप्रिल-मेमध्ये बँकेत आले का ते बघायचं.

मग हे सगळं वर्किंग पेपरमध्ये लिहायचं : काय निवडलं, का निवडलं, काय सापडलं, त्यावरून काय ठरवलं. सीनियर त्यावर शेरे मारून परत पाठवतो, "लहान पार्टी दहाच का घेतल्यास?" तिला उत्तर द्यावं लागतं. हे प्रश्नोत्तर म्हणजेच आर्टिकलशिप. मी स्वतः पहिलं वर्ष एका फर्ममध्ये टिक मारत काढलं. पेनांचे रंग आठवतात, त्या कंपन्या काय बनवत होत्या ते आठवत नाही. त्याची खंत मला अजून आहे, म्हणून एवढ्या तपशिलात सांगते आहे.

या दोन फर्मपैकी दुसऱ्या प्रकारची कोणती, हे पाटीवरून कळत नाही. अलकापुरीच्या ऑफिसात पद्धत पक्की असेल, फाइल नीट असतील, शेरेही येतील. तिथली अडचण वेगळी असते. एकाच मोठ्या कंपनीच्या टीममध्ये तुला टाकतात आणि महिनोन् महिने एकच विभाग तुझ्याकडे राहतो, समज स्थिर मालमत्ता किंवा बँक. तो उत्तम येतो, पण ताळेबंद पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत कसा उभा राहतो ते दिसत नाही, आणि टॅक्सचं काम बहुधा दुसऱ्याच विभागात असतं. रावपुऱ्यात उलट. मध्यम कारखान्याचं ऑडिट तीन-चार जण मिळून करतात, त्यामुळे पहिल्याच सीझनला देणेदार, स्टॉक, खरेदी सगळं हाताखालून जाऊ शकतं. स्टोअरकीपर गुजरातीत बोलणार, व्हाउचरवरचा मजकूरही पुष्कळदा गुजरातीत. तुला ते घरच्यासारखं आहे, आणि मोजणीच्या दिवशी त्याचा फार उपयोग होतो. धोका एवढाच की अशा फर्ममध्ये घाई जास्त, आणि घाईत शेरे गळतात.

म्हणून रावपुऱ्याला हो म्हणण्याआधी तिथल्या सध्याच्या आर्टिकलला गाठ, ऑफिसबाहेर, चहाच्या वेळी. काम कसं आहे असं विचारू नकोस, चांगलं आहे म्हणेल. विचार की गेल्या सप्टेंबरमध्ये तू कोणत्या प्रकारच्या कंपनीवर होतास आणि तुझ्याकडे कोणता भाग होता. नावं विचारायची नाहीत, ती गोपनीय असतात आणि त्याने सांगूही नयेत. मग विचार की शेवटचा शेरा कोणता आला होता. ज्याच्या कामावर खरंच कोणी नजर टाकतं, त्याला तो लगेच आठवतो. "सर सह्या करतात, बाकी आम्हीच बघतो," असं उत्तर आलं तर ती पहिल्या प्रकारची फर्म समज. सप्टेंबरभर रिटर्नच भरत होतो म्हणाला, तर तिथे ऑडिट नावापुरतं आहे.

पार्टनरांनाही दोन गोष्टी मोकळेपणाने विचार. कंपन्यांची ऑडिट किती आणि त्यांवर आर्टिकल किती. आणि देणेदारांना पत्रं कोण पाठवतं. दुसऱ्या प्रश्नाला "ते क्लायंटच मागवून देतो" असं उत्तर आलं, तर वरचं उदाहरण आठव. फर्मकडे पीअर रिव्ह्यूचं प्रमाणपत्र आहे का, हे इन्स्टिट्यूटच्या साइटवर बघता येतं. ते असलं म्हणजे बाहेरच्या सीएने येऊन त्यांच्या काही फाइल तपासलेल्या असतात. शिकवण्याची हमी त्यात नाही, पण फाइल असतात एवढं नक्की कळतं.

उत्तरं बरी आली तर रावपुरा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टायपेंड तिसऱ्या हिश्श्याचा असला तरीही, कारण तू घरी राहतेस आणि तुझ्यावर घर चालत नाही. तशी वेळ असती तर मी अलकापुरी म्हटलं असतं आणि त्यात काही कमीपणा मानला नसता. रावपुऱ्याची उत्तरं टिक मारण्याच्या वळणाची आली, तर अलकापुरीच घे. तिथे निदान एक विभाग तरी नीट येईल. रावपुऱ्याला गेलीस तर मात्र इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा विचार पहिल्या सीझननंतर कर, आताच शब्द देऊन बसू नकोस.

मधेच फर्म सोडणं सोपं नाही. त्यासाठी प्रिन्सिपलची, म्हणजे ज्या सीएच्या हाताखाली शिकतेस त्यांची, संमती आणि नियमांत बसणारं कारण लागतं. म्हणून ही सगळी विचारपूस फॉर्म १०२ वर, म्हणजे आर्टिकलशिपच्या करारावर, सही करण्याआधी उरकून घे. आणि रुजू झालीस की नोंदणीचा फॉर्म १०३ तीस दिवसांच्या आत गेला का, ते स्वतः पोर्टलवर उघडून बघ, ऑफिसच्या भरवशावर राहू नकोस. माझा फॉर्म एका टेबलावर दोन महिने पडून होता, आणि उशीर माफ करून घ्यायला अर्ज मलाच करावा लागला होता.