आरडी मुदतीआधी मोडल्यास दंड नेमका कशावर लागतो आणि जमा दिसणाऱ्या व्याजाचे काय होते?

प्रश्न : बँकेत दरमहा ५,००० रुपयांची ३६ महिन्यांची आरडी आहे, दर ७ टक्के. १४ हप्ते भरून झालेत. पैशांची गरज असल्याने ती मोडायची आहे. एक टक्का दंड आहे म्हणतात, तो भरलेल्या रकमेतून कापतात का? आणि आतापर्यंत खात्यात जमा झालेले व्याज मिळेल की जाईल?

उत्तर : तुम्ही भरलेल्या ७०,००० रुपयांना धक्का लागत नाही. दंड मुद्दलातून कापला जात नाही, तो व्याजाच्या दरातून वजा होतो. व्याजही सगळे जात नाही. ते पहिल्या हप्त्यापासून नव्याने, कमी दराने मोजले जाते आणि आतापर्यंत जमा दाखवलेले व्याज या नव्या हिशेबापेक्षा जितके जास्त असेल, तितका फरक बँक परत वळवून घेते. मी काही वर्षे बँकेच्या ठेव विभागात काम केले आहे. खाते बंद करायला आलेले बहुतेक ग्राहक पासबुकातला आकडा धरून येतात आणि हाती कमी रक्कम पडली की दंड फार मोठा कापला असे समजतात. प्रत्यक्षात त्या फरकाची कारणे दोन असतात आणि दंड हे त्यांपैकी एकच असते.

पहिले कारण मुदतीच्या टप्प्याचे आहे. ७ टक्के हा दर तुम्हाला ३६ महिने पैसे ठेवण्याच्या कबुलीवर मिळाला होता. १४ महिन्यांत खाते बंद केले की ती कबुली उरत नाही, म्हणून बँक तुमचे खाते उघडले त्या तारखेचा दरतक्ता काढते आणि त्या दिवशी १४ महिन्यांच्या ठेवीला कोणता दर होता ते पाहते. इथे आजचा दरतक्ता लागत नाही. खाते उघडल्यानंतर दर वाढले असोत की उतरले असोत, हिशेब त्या जुन्याच तारखेच्या तक्त्यावर होतो. कधी कधी त्या तक्त्यात कमी मुदतीचा दर ३६ महिन्यांच्या दरापेक्षा जास्तही असतो, पण बहुतेक बँकांच्या नियमांत ‘कबूल केलेला दर किंवा प्रत्यक्ष मुदतीचा दर, यांपैकी जो कमी असेल तो’ अशी तरतूद असते, त्यामुळे त्याचा लाभ ठेवीदाराला होत नाही. असा दर ठरल्यावर त्यातून दंड वजा होतो. दंड किती असावा हे रिझर्व्ह बँकेने ज्या त्या बँकेवर सोपवले आहे, मात्र ठेव स्वीकारतानाच ग्राहकाला त्याची कल्पना देणे बँकेवर बंधनकारक आहे. सामान्यतः तो अर्धा ते एक टक्का असतो.

आता तुमचाच हिशेब करून पाहू. त्या तारखेच्या तक्त्यात एक ते दोन वर्षांच्या ठेवीचा दर ६.५ टक्के होता असे धरू. हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे, तुमच्या बँकेचा खरा आकडा तुम्हाला विचारून घ्यावा लागेल. एक टक्का दंड वजा जाता ५.५ टक्के उरतात. पंधरावा हप्ता न भरता, तो देय होण्याच्या दिवशीच खाते बंद केले, तर पहिला हप्ता १४ महिने, दुसरा १३ महिने आणि शेवटचा एकच महिना बँकेत राहिलेला असेल. तिमाही चक्रवाढीने ७ टक्के दराने या हप्त्यांवर सुमारे ३,१२३ रुपये व्याज होते आणि पासबुकात किंवा मोबाइल ॲपवर तुम्हाला साधारण याच्या आसपासचा आकडा दिसत असेल. तेच ६.५ टक्क्यांनी मोजले तर २,८९६ रुपये होतात आणि ५.५ टक्क्यांनी २,४४३ रुपये. म्हणजे मुदतीचा टप्पा बदलल्यामुळे २२७ रुपये गेले, दंडामुळे ४५३ रुपये गेले, एकूण ६८० रुपये कमी झाले आणि तुमच्या हाती ७२,४४३ रुपये आले.

एक टक्का दंड म्हटल्यावर ७०,००० रुपयांवर ७०० रुपये कापले जातील असे वाटते, पण दंडाचा वाटा ४५३ रुपयांचाच आहे. याचे कारण असे की हा एक टक्का वार्षिक दरातला आहे आणि आरडीत सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून बँकेत नसते. १४ हप्त्यांच्या खात्यात प्रत्येक हप्ता सरासरी साडेसातच महिने राहिलेला असतो, म्हणून एक टक्काही तेवढ्याच काळापुरता लागतो. तेवढ्याच रकमेची एकरकमी मुदत ठेव १४ महिन्यांनी मोडली असती, तर त्याच एक टक्क्याचा फटका जवळजवळ दुप्पट बसला असता.

बँकेने दिलेला आकडा बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कागदावर दोन मिनिटांत ताडता येते. भरलेल्या हप्त्यांच्या संख्येला तिच्या पुढच्या संख्येने गुणावे, गुणाकाराला २४ ने भागावे, आलेल्या भागाकाराला हप्त्याच्या रकमेने गुणावे आणि त्यावर मिळणारा दर लावावा. तुमच्या बाबतीत १४ गुणिले १५ म्हणजे २१०, भागिले २४ म्हणजे ८.७५, त्याला ५,००० ने गुणले की ४३,७५०, आणि त्याचे ५.५ टक्के म्हणजे २,४०६ रुपये. हे सरळ व्याज झाले. चक्रवाढीमुळे खरा आकडा याहून थोडा जास्त, म्हणजे वर काढलेला २,४४३ येतो. हप्ते उशिरा भरले असतील किंवा बँक शेवटच्या अपुऱ्या तिमाहीला चक्रवाढ देत नसेल, तर काही रुपयांचा फरक पडू शकतो आणि थकलेल्या हप्त्यांचा आकार वेगळा लागतो. पण बँकेचा आकडा या सरळ व्याजापेक्षाही बराच कमी असेल, तर टप्पा चुकीचा लावला गेला आहे किंवा दंड दोनदा वजा झाला आहे अशी शंका घ्यायला जागा आहे आणि अशा वेळी लावलेला दर लेखी मागावा. मुळात खाते बंद करण्याच्या अर्जावर सही करण्याआधीच हिशेबाची रक्कम आणि लावलेला दर विचारावा, कारण खाते एकदा बंद झाले की ते पुन्हा पूर्ववत सुरू करणे ग्राहकाच्या हाती राहत नाही.

टप्प्याचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, जरी तो तुम्हाला आता लागू होत नसला. ज्यांच्या खात्याला अकरा महिने आणि काही दिवस झाले आहेत, त्यांनी वर्ष पुरे होईपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे, कारण वर्षाच्या आतल्या ठेवीचा दर बहुधा कमी असतो आणि तो कमी दर मग सगळ्याच हप्त्यांना, अगदी पहिल्यापासून, लागू होतो.

करासंबंधी थोडक्यात. मार्चअखेर बँकेने जमा दाखवलेले व्याज तुम्ही गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवले असेल आणि आता त्यातला काही भाग परत वळवला गेला असेल, तर बँकेकडून या वर्षीचे व्याज प्रमाणपत्र घेऊन निव्वळ आकडा तपासावा. टीडीएस कापला गेला असेल तर व्याज कमी झाले म्हणून बँक तो परत देत नाही, तो विवरणपत्रातूनच वळता करून घ्यावा लागतो.

हे सगळे बँकेच्या आरडीविषयी झाले. हे वाचणाऱ्या कोणाचे खाते टपाल कार्यालयात असेल, तर त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये, कारण तिथला नियम फारच कडक आहे. टपालाची आरडी पाच वर्षांची, म्हणजे ६० हप्त्यांची असते आणि खातेदाराला ती तीन वर्षे पूर्ण होण्याआधी बंद करता येत नाही. त्यानंतर बंद केली तर एखादा टक्का वजा होत नाही, तर आरडीचा दरच बाजूला ठेवून सगळ्या रकमेवर टपालाच्या बचत खात्याचा दर मिळतो. तो ४ टक्के आहे. मुदत संपायला एक दिवस उरला असला तरी हाच नियम लागतो. ६.७ टक्के दराच्या खात्यात दरमहा ५,००० रुपयांचे ४८ हप्ते भरले असतील, तर आरडीच्या दराने सुमारे ३५,७०० रुपये व्याज झालेले असते. ४ टक्क्यांनी सरळ व्याज धरले तर ते १९,६०० रुपयांवर येते. इतके नुकसान सोसण्यापेक्षा तिथले कर्ज घेणे पुष्कळदा बरे पडते. १२ हप्ते भरून खात्याला वर्ष झाले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत ते मिळते आणि त्याचा दर आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त असतो.

कर्जाचा विचार तुम्हीही करावा असे मला मनापासून वाटते. आरडीतून थोडीच रक्कम काढण्याची सोय सहसा नसते, पण तिच्या तारणावर बँका शिलकीच्या मोठ्या भागाइतके, बहुतेक ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत, कर्ज देतात आणि त्याचा दर आरडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो. तुम्हाला ६०,००० रुपये हवे आहेत आणि कर्जाचा दर ८.५ टक्के आहे असे धरू. तीन महिन्यांचे व्याज १,२७५ रुपये होईल आणि ६८० रुपयांच्या नुकसानीपुढे हा आकडा पहिल्या नजरेत मोठा दिसेल. पण त्याच तीन महिन्यांत तारण ठेवलेल्या त्या ६०,००० रुपयांवर तुमची आरडी ७ टक्क्यांनी १,०५० रुपये कमावत राहते, म्हणून कर्जाचा खरा खर्च २२५ रुपयांचाच होतो. या गतीने तो ६८० रुपयांच्या बरोबरीला यायला नऊ महिने लागतात. तेवढ्या काळात कर्ज फेडता येणार असेल आणि दरमहाचा ५,००० रुपयांचा हप्ताही चालू ठेवता येणार असेल, तर आरडी मोडू नये. पैशांची गरज त्याहून लांबणारी असेल किंवा हप्ता भरणेच आता जड जात असेल, तर मोडावी. ६८० रुपयांसाठी थकलेल्या हप्त्यांचा आकार आणि कर्जाचे व्याज असा दुहेरी भार घेण्यात काही लाभ नाही.