बी-वनमध्ये राग मावत नाही

«दादा, आम्ही अमळनेरचे. नवऱ्याला जर्मनीत नोकरी लागलीय, मुलगा सहा वर्षांचा आहे. मी बी-वन या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकतेय. तेवढ्यावर मनातलं बोलता येईल का?»

ताई, व्हिसा-विम्याचं दूतावास सांगेलच. बी-वनवर दुकान, डॉक्टर, बस सगळं निभतं. राग आणि माया निभत नाही.

इथे जर्मनीत माझ्या मुलाच्या शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरी मराठी बंद करा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जर्मन वाक्यं बरोबर आली, शब्दही अडले नाहीत, पण बोललो ते बिलाची पावती वाचल्यासारखं. बाई हसून मान हलवत राहिल्या. घरी येऊन अहिराणीत बोलायला लागलो तेव्हा कुठे हात थरथरले. तो राग अजून उतरलेला नाही.

यावर प्रयोग झालेत. 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या तुर्की भाषिकांच्या बोटांना तारा लावून, शब्द ऐकताना त्वचेवरचा घाम किती बदलतो ते मोजलं. अश्लील शब्दांनी दोन्ही भाषांत शरीर हललं, तुर्कीत जास्त. पण ठळक फरक दिसला तो लहानपणच्या रागावण्यात, म्हणजे «लाज नाही वाटत?» यासारख्या वाक्यांत. ती तुर्कीत झोंबली, इंग्रजीत फारशी नाही. मला हे लगेच पटलं. «तुले लाज शे का?» हे आपण आईचा आवाज, तिचे डोळे आणि पाठीवरच्या धपाट्यासकट शिकलो. जर्मन शिवी मी वर्गात आणि ऑफिसात शिकलो, ती ऐकून कधी रडलो नाही.

म्हणूनच एक सांभाळा. शिवी तुमच्या तोंडाला हलकी वाटते, समोरच्याच्या कानाला नाही. इथे अपमान करणं हा फौजदारी गुन्हा आहे, दंड होतो. गाडी चालवताना कितीही चिडलात तरी जर्मन शिवी देऊ नका. मी एकटा असलो की अहिराणीतच बोलून मोकळा होतो. शाळेत भांडायची वेळ आली तर मुद्दे आधी लिहून न्या आणि दुभाषा मागा.

मुलाचं मात्र वेगळं होईल. लहानपणीच दुसरी भाषा शिकलेल्यांत हा फरक दिसत नाही, असं हॅरिस यांनाच पुढे स्पॅनिश भाषिकांत आढळलं. माझ्या मुलाला मित्राने जर्मनमध्ये काही बोललं की तो रात्री जेवत नाही. त्याची आई अहिराणीत रागावली की हसतो. ते मला फार लागतं. म्हणून आम्ही घरी अहिराणी सोडलेली नाही. रागावणं, लाड, आजारपणात कपाळावर हात ठेवून बोलणं, सगळं तिच्यातच चालतं. तुम्हालाही शाळा घरची भाषा बंद करा असं सांगू शकते. ऐकू नका. जर्मन तो शाळेत शिकेलच, अहिराणी त्याला तिथे कुणी शिकवणार नाही.

एकटेपणाचं विचारलं नाहीत ते बरं. तो येतो आणि जातो.